स्नॅपशॉटांची साखळी आणि गायब झालेली जागा

व्हर्च्युअल मशीनच्या आत पाहिलं तर डिस्कवर ४६ जीबी वापर दिसतो. बाहेर होस्टवर मात्र त्याच मशीनने १०६ जीबी खाल्लेले असतात. अशा वेळी मशीन रीस्टार्ट करण्याचा सल्ला हमखास मिळतो, आणि त्याने एक बाइटही परत येत नाही.

ही जागा बहुधा स्नॅपशॉटांनी अडवलेली असते, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती परत जाता यावं म्हणून जपून ठेवण्याने. बहुतेकांना वाटतं की स्नॅपशॉट घेतला म्हणजे डिस्कची प्रत तयार झाली. तसं असतं तर ४० जीबीचा स्नॅपशॉट क्षणात झाला नसता. प्रत्यक्षात जुनी फाइल आहे तशी गोठवली जाते आणि तिच्यावर एक जवळजवळ रिकामी नवी फाइल ठेवली जाते. नकाशावर ट्रेसिंग पेपर अंथरावा तसं: यापुढचं सगळं लिखाण वरच्या कागदावर होतं, आणि जिथे तो कोरा असेल तिथे खालचं दिसतं. पुढचा स्नॅपशॉट म्हणजे आणखी एक कागद.

लिनक्सवरच्या `qcow2` फाइलचं उदाहरण घेऊ. ती डिस्कचे तुकडे पाडून हिशेब ठेवते आणि सहसा एक तुकडा ६४ केबीचा असतो. डेटाबेसने ८ केबीचं एक पान बदललं आणि तो तुकडा वरच्या फाइलमध्ये अजून नसेल, तर उरलेले ५६ केबी खालून उचलून अख्खा तुकडा वर मांडला जातो. तोच तुकडा नंतर हजार वेळा बदलला तरी फाइल वाढत नाही, कारण त्याची जागा आता ठरलेली असते. म्हणजे किती वेळा लिहिलं याला महत्त्व नाही, किती वेगवेगळ्या तुकड्यांना हात लागला यावर फाइलचा आकार ठरतो. नवा स्नॅपशॉट घेतला की मात्र हा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

आता समजा, मशीनची डिस्क १०० जीबीची आहे आणि मूळ फाइल ४० जीबीची. तिच्यातला २० जीबीचा डेटाबेस रोज रात्री जागच्या जागी पुन्हा लिहिला जातो, शिवाय आठवड्याला २ जीबी नव्या नोंदी साठतात. दर आठवड्याला एक असे तीन स्नॅपशॉट घेतले, तर वरच्या तिन्ही फाइली प्रत्येकी २२ जीबीच्या होतात. एकूण १०६ जीबी. त्याच डेटाबेसची चार रूपं चार फाइलींत पडून आहेत, आणि मशीनला त्यांतलं फक्त सर्वांत वरचं दिसतं. आत एखादी मोठी फाइल पुसली तरी गोठवलेल्या थरातला तिचा मजकूर हलत नाही.

‘स्नॅपशॉट आहे, म्हणजे बॅकअप आहे’ ही श्रद्धा इथेच कोसळते. मूळ फाइल खराब झाली तर वरचे तिन्ही थर निरुपयोगी. मधली एखादी फाइल ‘जुनी दिसते’ म्हणून पुसली तरी तीच गत.

जागा मिळवायची तर थर एकमेकांत मिसळावे लागतात. आधी साखळी बघायची, मग चालू मशीनवरच सगळे थर मूळ फाइलमध्ये उतरवायचे. इथे `vm1` हे मशीनचं नाव, `vda` ही त्याची डिस्क आणि `s3.qcow2` ही सर्वांत वरची फाइल:

```
qemu-img info -U --backing-chain s3.qcow2
virsh blockcommit vm1 vda --active --pivot --verbose
virsh domblklist vm1
```

दुसरी आज्ञा वरच्या थरांतले तुकडे मूळ फाइलवर लिहीत जाते. एकच तुकडा अनेक थरांत असेल तर सर्वांत वरचा खरा. या काळात मशीन जे नवं लिहील ते वरही जातं आणि खालीही. दोन्हीकडचं चित्र जुळलं की मशीन मूळ फाइलवर उडी घेतं.

मला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो असा: काम अर्ध्यावर थांबलं तरी चालू मशीनचा डेटा शाबूत राहतो. मूळ फाइलमध्ये जो तुकडा बदलला गेला, तो वरच्या कुठल्या तरी थरात असतोच आणि खालच्याला झाकून टाकतो. पण पहिल्या स्नॅपशॉटकडे परत जायची वाट तेव्हाच बंद होते. त्याच्याखालची जमीन बदललेली असते.

आपल्या उदाहरणात मूळ फाइल ४० वरून ४६ जीबी होईल, म्हणजे ६ जीबी मोकळे हवेत. आधी नेमका अंदाज नसतो, तेव्हा वाईटात वाईट धरायचं: फाइल १०० जीबीपर्यंतच वाढू शकते, म्हणून ६० जीबी. होस्टची डिस्क काठोकाठ भरण्याची वाट पाहिली तर मिसळायलाही जागा उरत नाही, आणि लिहिता न आल्यामुळे मशीन मध्येच थबकू शकतं.

तिसऱ्या आज्ञेने मूळ फाइलचं नाव दाखवलं, की मगच वरच्या फाइली पुसाव्यात आणि स्नॅपशॉटांच्या उरलेल्या नोंदी `virsh snapshot-delete` ला `--metadata` जोडून काढाव्यात. मात्र त्याच मूळ फाइलवर दुसरं एखादं मशीन उभं असेल, तर ही पद्धत वापरूच नये, कारण त्याची डिस्क तत्क्षणी बिघडते. तिथे `virsh blockpull` वापरून उलट दिशेने, खालचं वर ओढून घ्यावं. आपल्या उदाहरणात त्यासाठी वरची फाइल २२ वरून ४६ जीबी होईल, म्हणजे २४ जीबी मोकळे लागतील.