पहिल्या मजल्यावर नाडी किती चढते?

लिफ्ट बंद असली की आमच्या जिन्यात घड्याळं बोलायला लागतात. मजला चढून आलेला माणूस आधी मनगट वर करतो आणि आकडा वाचतो: "एकशे अठरा! एका मजल्यात?" मागून त्याची धावायला जाणारी मुलगी येते, तिच्या घड्याळात अठ्ठ्याण्णव. वडिलांना वाटतं, आपलं काहीतरी बिनसलंय. पण दोघांचे खालचे आकडे कुणी विचारत नाही. वडील खाली उभे होते तेव्हा नाडी पंच्याऐंशी होती, मुलीची पासष्ट. म्हणजे दोघांचीही नाडी तेहतीस ठोक्यांनीच चढली. हे उदाहरण मी हिशेब करून बेतलेलं आहे, पण असं खरोखर घडतं आणि का घडतं ते पाहण्यासारखं आहे.

शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सत्तरच्या आसपास धडधडतं, पण तो त्याचा स्वतःचा वेग नव्हे. हृदयातल्या ठोके सुरू करणाऱ्या गाठीला मोकळं सोडलं, तर ती मिनिटाला शंभरच्या जवळपास ठोके देते. मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस तिला दिवसभर आवरून धरते. पहिल्या पायरीवर पाऊल पडतं तेव्हा मेंदू हा ब्रेक सैल करतो. त्याचा परिणाम पुढच्या एक-दोन ठोक्यांतच दिसतो, रक्तातला प्राणवायू कमी होण्याची वाट कुणी पाहत नाही. डेन्मार्कच्या क्रोग आणि लिंडहार्ड या शास्त्रज्ञांनी 1913 सालीच दाखवलं होतं की व्यायाम सुरू होताक्षणी श्वास आणि नाडी दोन्ही उसळतात.

वेग वाढवणाऱ्या नसा आणि ॲड्रेनलिन यांचं काम त्यामानाने सावकाश चालतं. त्यांचा पूर्ण जोर यायला वीस-तीस सेकंद तरी लागतात, आणि तोवर तुम्ही दारात किल्ली शोधत असता. म्हणून एका मजल्यावरची नाडीची चढण बरीचशी ब्रेक सुटल्याची असते. याचा एक चांगला पुरावा हृदयरोपण झालेल्या माणसांत मिळतो. नव्या हृदयाला व्हेगसची नस जोडलेली नसते. त्यांची नाडी बसल्या जागीही नव्वद-शंभर असते, जिना चढताना जेमतेम हलते, आणि थांबल्यावरही काही वेळ वरच जात राहते, कारण ॲड्रेनलिन रक्तातून उशिरा पोहोचतं.

आता त्या वडिलांचा हिशेब मांडू. वजन 70 किलो. वीस पायऱ्या, प्रत्येक 16 सेंटिमीटर उंच, म्हणजे 3.2 मीटरची चढाई. एवढं वजन एवढं उचलायला सुमारे 2,200 ज्यूल लागतात. पंधरा सेकंदांत चढले तर ते झाले साधारण 150 वॉट, घरातले दोन जुने छतपंखे चालतील इतके. हाच वेग न थांबता चालू ठेवायचा तर शरीराला बसल्या जागेच्या आठपट प्राणवायू लागेल. बैठं काम करणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाची ही जवळजवळ कमाल मर्यादा असते. त्यांची नाडी शेवटी 165 ते 170 पर्यंत जाऊन पोहोचेल. नियमित धावणाऱ्या मुलीला तेवढीच चढण म्हणजे तिच्या कुवतीच्या निम्म्याहून थोडी जास्त. तिची नाडी 125-130 वर स्थिरावेल.

पण तिथपर्यंत जायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि जिना पंधरा सेकंदांत संपतो. स्नायू तेवढा वेळ स्वतःजवळच्या शिलकीवर काढतात, हृदय वाटेतच असतं. वडिलांना दूर जायचंय पण त्यांचं हृदय सावकाश निघतं. मुलीला जवळच जायचंय आणि तिचं हृदय चटकन निघतं, कारण सराव असलेल्या शरीरात ब्रेकही जास्त घट्ट असतो आणि सुटतोही लवकर. पंधराव्या सेकंदाला दोघंही सारखंच अंतर कापून असतात. खरा फरक तिसऱ्या मजल्यावर दिसतो: वडील दीडशेच्या घरात, मुलगी एकशेवीसच्या आसपास आणि जवळपास स्थिर.

म्हणून नुसतं "किती चढली" हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. साध्या चालीने एक मजला चढल्यावर बहुतेक निरोगी माणसांची नाडी पंचवीस ते चाळीस ठोक्यांनी वाढते. ढोबळमानाने, नियमित धावणारा किंवा पोहणारा माणूस वर पोहोचतो तेव्हा 85 ते 100 च्या दरम्यान असतो, रोज चालणारा 100 ते 115 मध्ये, आणि दिवसभर खुर्चीत बसणारा 115 ते 135 मध्ये. यात पिशवीतले पाच किलो कांदे धरलेले नाहीत. आणि घाईघाईने चढलात तर हे आकडे विसरा.

तब्येतीचा अंदाज नाडीच्या उतरणीवरून जास्त चांगला येतो. तयारीच्या माणसाचा ब्रेक थांबताक्षणी पुन्हा लागतो आणि मिनिटभरात तो खालच्या आकड्याच्या जवळ येतो. बैठ्या माणसाला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. (ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवून केलेल्या तपासणीत पहिल्या मिनिटात बारा किंवा कमी ठोके उतरले तर डॉक्टर ते चांगलं लक्षण मानत नाहीत. पण तो आकडा त्या तपासणीचा आहे, एका जिन्याला लावायचा नाही.)

मोजताना सगळ्यात मोठी चूक सुरुवातीलाच होते. सोफ्यावरून उठून थेट जिना चढायचा आणि सोफ्यावरच्या आकड्याशी तुलना करायची. नुसतं उठून उभं राहिलं तरी नाडी दहा-वीस ठोक्यांनी उसळते, आणि ते सगळं जिन्याच्या नावावर जमा होतं. म्हणून खाली दोन मिनिटं उभं राहा, अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं ठेवून तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. वर पोहोचताच मात्र फक्त दहा सेकंद मोजून सहाने गुणा. तीस सेकंद मोजत बसलात तर तेवढ्यात नाडी उतरू लागते. दहा सेकंदांत एक ठोका चुकला की उत्तर सहाने चुकतं, म्हणून पाच-पाच मिनिटं थांबून तीनदा करा आणि सरासरी घ्या. मनगटी घड्याळ आधीच्या काही सेकंदांची सरासरी दाखवतं, त्यामुळे ते मागे राहतं. पुष्कळदा सर्वांत मोठा आकडा तुम्ही थांबल्यावर उमटतो. कठडा घट्ट धरला असेल तर त्यावर आणखी कमी विश्वास ठेवावा. छातीला बांधायचा पट्टा जास्त बरोबर असतो.

ताप, कमी पाणी, रात्रीची अपुरी झोप यांनी आकडा वर जातो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर तो खाली दबतो, तेव्हा 95 पाहून स्वतःला धावपटू समजू नये. आपल्याकडे आणखी एक कारण नेहमी विसरलं जातं, ते रक्तक्षयाचं. हिमोग्लोबिन तेरावरून आठावर आलं की प्रत्येक ठोक्यागणिक जाणारा प्राणवायू बराच घटतो आणि हृदय ती तूट जास्त ठोके देऊन भरून काढतं. घरात दिवसभर राबणाऱ्या, अंगाने बारीक बाईला एकाच मजल्यावर 140 ची नाडी आणि धाप लागत असेल, तर "व्यायाम कमी पडतो" असं सांगण्याआधी तिचं रक्त तपासावं. छातीवर दाब, डोळ्यांपुढे अंधारी किंवा मध्येच ठोका गळल्यासारखी नाडी लागत असेल, तर मोजामोजी सोडून सरळ डॉक्टरकडे जावं.