जुन्या गाण्यांच्या वेड्यासाठी भेट: स्पीकर, रेकॉर्ड की कार्यक्रमाची तिकिटं?

आमच्या दुकानात बाबांच्या पंच्याहत्तरीसाठी, आईच्या वाढदिवसासाठी किंवा सासऱ्यांच्या निवृत्तीसाठी भेट घ्यायला येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "त्यांना जुनी गाणी फार आवडतात." एवढ्यावरून आम्हाला काहीच सुचवता येत नाही. ते गाणी कशी ऐकतात, हे कळलं की मात्र निम्मं काम झालं. सकाळी चहा घेताना, पेपर चाळताना मागे गाणं सुरू असतं का? की एकच गाणं लावून, डोळे मिटून, मधल्या ॲकॉर्डियनच्या तुकड्यासाठी ते थांबून राहतात? की गाण्यापेक्षा गाण्याबद्दल बोलायला त्यांना जास्त आवडतं? पहिल्यांना स्पीकर द्यावा, दुसऱ्यांना बहुधा रेकॉर्ड आणि तिसऱ्यांना कार्यक्रमाची तिकिटं.

रेकॉर्डबद्दल आधी आणि सविस्तर लिहितो, कारण चुका सर्वांत जास्त तिथेच होतात.

जुन्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्ड तीन प्रकारच्या मिळतात. सर्वांत जुनी 78च्या वेगाची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी, लाखेची. ती जड असते आणि हातातून पडली की फुटते. हिच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावतात. म्हणून चित्रपटातल्या लांब गाण्याचं एखादं कडवं रेकॉर्डवर गाळलेलं असे, किंवा गाणं दोन बाजूंवर विभागलेलं असे. दुसरी 45च्या वेगाची छोटी ईपी. तिच्यावर बहुधा चार गाणी असतात. आणि तिसरी 33च्या वेगाची मोठी एलपी. या शेवटच्या दोन विनाइलच्या असतात.

खरी मेख पिनमध्ये आहे. 78च्या रेकॉर्डची खाच रुंद असते, ईपी-एलपीची तिच्या मानाने खूप बारीक. एलपीची पिन 78च्या खाचेत टेकली की ती तळाशी घासत जाते. गाण्यापेक्षा खरखर मोठी येते आणि पिनही लवकर झिजते. सुटकेससारख्या दिसणाऱ्या नव्या प्लेअरवर तीन वेगांचं बटण असतं, पण पिन बहुधा एकच, एलपीची. त्यामुळे "यावर 78 वाजते का?" असं विचारू नका, "78ची वेगळी पिन मिळते का?" असं विचारा. अनेक नव्या टर्नटेबलवर तर 78चा वेगच नसतो.

पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिवाणखान्यात सुंदर दिसतो, पण त्याची पोलादी पिन फक्त लाखेच्या रेकॉर्डसाठी असते आणि एक बाजू वाजली की ती बदलायची असते. त्यावर एलपी ठेवलीत तर तिची खाच एकदाच वाजवण्यात कायमची खराब होईल. शिवाय बाजारातले बरेचसे ग्रामोफोन इकडचे-तिकडचे भाग जोडून बनवलेले असतात. शोभेसाठी हवा असेल तर जरूर घ्या, रोज ऐकण्यासाठी नको.

जुन्या बाजारातून रेकॉर्ड घेताना ती उजेडात तिरकी धरून पाहा. बोटांचे ठसे आणि धूळ निघते, नखाला लागणारा ओरखडा निघत नाही. लाखेची रेकॉर्ड कडेला धरून हलकेच टिचकी मारा. आवाज फुटका आला तर बारीक तडा गेलेला आहे. आणि लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते. विनाइलला उन्हापासून जपावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत तासभर राहिलेली एलपी वाकडी होऊनच घरी येते.

एक उदाहरण सांगतो. गेल्या दिवाळीआधी एक ताई वडिलांच्या पंच्याहत्तरीसाठी सुटकेस प्लेअर घ्यायला आल्या. माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्ड आहेत, त्या बाबांना पुन्हा ऐकवायच्या, असा विचार होता. आम्ही म्हटलं, प्लेअर नंतर घ्या, आधी रेकॉर्ड आणा. बावीस निघाल्या. त्यातल्या चौदा 78च्या, म्हणजे त्यांनी ठरवलेल्या प्लेअरवर नीट वाजल्याच नसत्या. त्यांपैकी दोन रेकॉर्डना तडे होते. मग बाबांबद्दल विचारलं. हात थोडे थरथरतात, बारीक आवाज कमी ऐकू येतात आणि रोज सकाळी फोन स्टीलच्या वाटीत ठेवून गाणी ऐकतात. थरथरत्या हाताने पिन उचलून ठेवणं रोज जमणारं नव्हतं. चार दिवसांनी प्लेअरवर कापड पडलं असतं. आम्ही प्लेअर विकला नाही. त्या एक साधा, लाकडी पेटीचा स्पीकर घेऊन गेल्या. आणि एका रविवारी दुपारी बाबांना दुकानात घेऊन आल्या. आम्ही मोठी पिन लावून त्यांच्या वडिलांच्या बारा रेकॉर्ड एकामागून एक वाजवल्या. प्रत्येक रेकॉर्ड सुरू व्हायच्या आधी ते मुखडा गुणगुणत होते.

आता स्पीकरविषयी. साठच्या दशकापर्यंतची बहुतेक चित्रपटगीतं मोनो आहेत, म्हणून एक चांगला स्पीकर पुरतो, जोडी घेण्याचा खर्च करू नका. या गाण्यांचा जीव मधल्या सुरांत आहे, गायकाच्या आवाजात आणि शब्दांत. धमधमणारा बास वाढवला की तबला-ढोलक फुगतात आणि शब्द बुजतात. आमच्याकडे आलात की तुमच्या माणसाचं आवडतं गाणं फोनवर घेऊन या. आपण बोलतो तेवढ्याच आवाजात ते लावा आणि अंतऱ्यातला प्रत्येक शब्द कळतो का ते ऐका. नाही कळला तर तो स्पीकर कितीही महाग असो, नको. आवाज कमी-जास्त करायला फिरवायचं बटण हवं, ॲपवरचं नको. फोन जोडायची कटकट नको असेल तर गाणी आधीच भरलेले रेडिओही मिळतात. 2017 साली आलेल्या सारेगामाच्या कारवांमध्ये पाच हजार गाणी होती, आणि वयस्कर मंडळींना तो चटकन जमतो. फोनवरून ऐकणाऱ्यांसाठी मात्र गाण्यांची यादी तुम्हीच करून द्या. एकाच गाण्याची मूळ आवृत्ती, रिमिक्स आणि दुसऱ्या कुणी गायलेली आवृत्ती शेजारी-शेजारी सापडतात, आणि चुकीची लागली की दर्दी माणूस फार हिरमुसतो.

कार्यक्रमाचं तिकीट काढण्याआधी एकच चौकशी करा: वादक प्रत्यक्ष बसणार आहेत की कराओके ट्रॅक वाजणार आहे? जाहिरातीत फक्त गायकांची नावं असतील तर आयोजकांना फोन करून विचारा. ॲकॉर्डियन, मेंडोलिन, सॅक्सोफोन, व्हायोलिन ही वाद्यं मंचावर असतील तर तिकिटाचे पैसे वसूल होतात. तुमच्या माणसाच्या तोंडी सेबॅस्टियन डिसूझा, मनोहारी सिंग किंवा आपल्या पुण्याचे एनॉक डॅनियल्स अशा जुन्या वादक-संयोजकांची नावं येत असतील, तर त्यांना ट्रॅकच्या कार्यक्रमाला अजिबात नेऊ नका. खुर्ची सभागृहाच्या मध्यात, ध्वनिमिश्रणाच्या टेबलाच्या आसपास, वाटेच्या कडेची घ्या. पहिल्या रांगेत आवाज कानावर आदळतो, श्रवणयंत्र लावणाऱ्यांना तर तो सोसतच नाही. कार्यक्रम मध्यंतरासह तीन तास चालतो, म्हणून गुडघे दुखत असतील तर बाल्कनीची स्वस्त तिकिटं घेऊ नका. दोन तिकिटं काढा, आणि दुसरं तुमचं असू द्या. मध्यंतरात चहा घेताना त्या गाण्याच्या आठवणी ऐकायला शेजारी कुणीतरी हवं.

दुकानात येताना रेकॉर्ड घेऊन येणार असाल तर त्या उभ्या ठेवून, मध्ये जुन्या धोतराचं किंवा साडीचं कापड घालून आणा, एकमेकींवर आडव्या रचून नाही. आम्ही त्या तपासून देतो, वाजवूनही दाखवतो. त्यासाठी काही घ्यायलाच हवं असं नाही.