उजवीकडचा आकडा मोठा: मधली अवस्था टिकेल की फुटेल, हे ठरवण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

नारळी पौर्णिमेच्या आधीचे पंधरा दिवस रत्नागिरी, हर्णै, मालवण अशा बंदरांत एकच रंग डोळ्यांत भरतो. किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवलेल्या बोटी उघड्या होतात आणि त्यांच्या तळाला विटकरी-तांबडा रंग चढू लागतो. पाण्याखालच्या भागाला शंखशिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून लावायच्या या रंगात बहुतेक वेळा क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे Cu₂O असतं. त्यातलं तांबं +१ अवस्थेत असतं. ती ना धातूची अवस्था, ना मोरचुदाच्या निळ्या +२ आयनाची. ती या दोहोंच्या मधली.

आता हीच तांबडी भुकटी विरल सल्फ्युरिक आम्लात टाकून पाहावी. आमच्या प्रयोगशाळेत मी हा प्रयोग दरवर्षी करून घेतो. १.४३ ग्रॅम Cu₂O आम्लात ढवळलं की द्रावण निळं होत जातं आणि तळाशी भुकटीचा तांबडेपणा जाऊन गुलाबीसर, जड गाळ उरतो. हा गाळ धुऊन, वाळवून तोलला तर साधारण ०.६३ ग्रॅम भरतो. हिशेबाने तो ०.६३५ ग्रॅम यायला हवा, म्हणजे भुकटीतलं बरोबर निम्मं तांबं. उरलेलं निम्मं निळ्या द्रावणात गेलं. एकाच अवस्थेतल्या दोन आयनांपैकी एकाने दुसऱ्याला इलेक्ट्रॉन दिला. एक खाली धातूत उतरला, दुसरा वर +२ मध्ये चढला. यालाच डिस्प्रपोर्शनेशन म्हणतात. साध्या भाषेत, मधली अवस्था फुटली.

गाळ तोलण्यावर माझा एवढा भर असतो त्याला कारण आहे. नुसता निळा रंग पाहून निकाल देता येत नाही. हवेतल्या ऑक्सिजननेही +१ चं +२ होतं आणि द्रावण तसंच निळं दिसतं. फरक गाळात कळतो. हवेने ऑक्सिडीकरण केलं तर धातू तयारच होत नाही. गाळ ०.६ च्या बराच खाली आला, तर भांडं उघडं राहिलं आणि तयार झालेलं बारीक तांबंही हवेमुळे आम्लात विरघळत गेलं, असं समजावं.

आम्लात फुटणारी ही अवस्था बोटीच्या तळाला, समुद्रात, तशी फुटत नाही. का, ते सांगण्याआधी फुटण्याचा निकाल ज्या आकृतीवरून देतात तिची हकिगत सांगायला हवी, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तांब्याचा आणि समुद्राचा संबंध तसा जुना. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश युद्धनौकांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकायला सुरुवात झाली आणि १८२४ मध्ये ते पत्रे झिजू नयेत म्हणून त्यांना जस्ताचे नि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले गेले. पत्रे टिकले, पण तांबं विरघळेना आणि तळाला जीव पुन्हा चिकटले. इलेक्ट्रोडचा विभव आणि द्रावणाची संहती यांचं नातं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूत्रात आलं. तरीही एखाद्या मूलद्रव्याच्या सगळ्या अवस्था एका ओळीत मांडून, दोन-दोन अवस्थांमध्ये विभवाचा आकडा लिहायची सोय मिळायला १९३८ उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियातल्या एका रसायनशास्त्रज्ञाच्या ग्रंथाने ती रूढ केली. आज आपण तांब्यासाठी ती अशी लिहितो:

```
आम्लात:  Cu²⁺ ──०.१५३── Cu⁺ ──०.५२१── Cu
```

उजवीकडचा आकडा डावीकडच्यापेक्षा मोठा असेल तर मधली अवस्था फुटते. वर्गात एवढंच सांगितलं जातं आणि परीक्षेपुरतं ते चालतं. त्यामागचं कारण असं. फुटण्याच्या क्रियेत एक Cu⁺ इलेक्ट्रॉन घेऊन Cu होतो, त्याचा विभव उजवीकडचा. दुसरा Cu⁺ इलेक्ट्रॉन देऊन Cu²⁺ होतो, म्हणजे डावीकडची पायरी उलटी चालते. उजवा वजा डावा, ०.५२१ − ०.१५३ = ०.३६८ व्होल्ट. उत्तर धन आहे, म्हणून क्रिया आपोआप होते. ०.३६८ ला ०.०५९२ ने भागलं की ६.२ येतात, म्हणजे समतोल स्थिरांक साधारण १.७ × १०⁶. परीक्षानळीत Cu⁺ जवळजवळ उरत नाही ते यामुळे.

आता वादाचा भाग. १९३८ च्या त्या ग्रंथातले आकडे आजच्या चिन्हांनी लिहिलेले नव्हते. तेव्हा अमेरिकेतल्या भौतिक-रसायनवाल्यांची पद्धत ऑक्सिडीकरणाचा विभव लिहायची होती. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून त्याला +०.७६. युरोपात बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रोडवर प्रत्यक्ष जो भार दिसतो त्याचंच चिन्ह लावत, म्हणून जस्ताला −०.७६. आकडा तोच, चिन्ह उलटं, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या जागी बरोबर. १९५२ मध्ये त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती आली, तीही जुन्याच चिन्हांनी. लगेच पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, स्टॉकहोममध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं की ‘इलेक्ट्रोड विभव’ हा शब्द फक्त क्षपणाच्या दिशेने लिहिलेल्या अभिक्रियेसाठी वापरायचा. ऑक्सिडीकरणाच्या दिशेच्या आकड्याला ते नाव द्यायचं नाही.

माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. क्रिया कोणत्याही दिशेने लिहिली तरी मीटरवर जस्त ऋणच दिसतं, आणि जे मोजता येतं त्याचं चिन्ह कागदावर उलटून लिहिण्यात अर्थ नाही. पण निर्णय झाला म्हणून कपाटातली पुस्तकं बदलत नाहीत. जुन्या पद्धतीची पाठ्यपुस्तकं पुढेही बरीच वर्षं छापली गेली, आणि आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या लहान कॉलेजांत ती देणगी म्हणून, जुन्या साठ्यातून येत राहिली. मी शिकत होतो तेव्हा लायब्ररीत विभवांचं सविस्तर कोष्टक असलेलं एकच पुस्तक होतं, आणि ते जुन्या चिन्हांचं होतं. मी त्यातून −०.१५३ आणि −०.५२१ हे आकडे उतरवले, ओळ मात्र वर्गात शिकवलेल्या क्रमाने मांडली, Cu²⁺ डावीकडे. उजवीकडे −०.५२१ आला. तो लहान, म्हणून Cu⁺ टिकतो, असं ठामपणे लिहिलं. दुसऱ्याच आठवड्यात प्रयोगशाळेत निळं द्रावण आणि तांब्याचा गाळ समोर आला, आणि वहीत काय चुकलं ते मला कित्येक दिवस कळलं नाही.

चूक बारीक आहे. जुन्या पद्धतीत चिन्ह उलटं असे, आणि ओळही उलटी मांडली, म्हणजे Cu डावीकडे नि Cu²⁺ उजवीकडे, तर आकडे −०.५२१, −०.१५३ असे लागतात. उजवीकडचा मोठाच. दोन्ही गोष्टी एकदम उलटल्या की नियम जागच्या जागी राहतो. चिन्ह एका पुस्तकातून आणि क्रम दुसऱ्यातून घेतला की तो फसतो. म्हणून मी आता मुलांना ‘उजवा मोठा’ हे वाक्य सर्वांत शेवटी सांगतो. आधी दोन अर्ध-अभिक्रिया लिहायच्या, मधल्या अवस्थेचं क्षपण कोणतं आणि ऑक्सिडीकरण कोणतं ते ओळखायचं आणि मग वजाबाकी करायची. आकडे जुन्या कोष्टकातले आहेत की नव्या, हे पाहायची खूण जस्त: +०.७६ असेल तर पुस्तक जुनं.

याच सुमारास, १९५१ मध्ये, हाच निकाल आलेखावरून देण्याची रीत आली. प्रत्येक अवस्थेसमोर धातूपासून मोजलेला n × E, म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या गुणिले विभव, मांडायचा. तांब्यासाठी धातू शून्यावर, +१ ला ०.५२१. +२ ला दोन्ही पायऱ्यांची बेरीज, ०.६७४. शून्य आणि ०.६७४ जोडणाऱ्या रेषेचा मध्य ०.३३७. आपला बिंदू ०.५२१ वर, रेषेच्या वर लटकलेला. वर असलेली अवस्था फुटते, रेषेच्या खाली बसलेली टिकते. आलेखात चढउतार डोळ्यांना दिसतो, पण मला आकड्यांची ओळच जवळची वाटते, कारण परिस्थिती बदलली की ओळीतला नेमका कोणता आकडा हलला ते लगेच सापडतं.

आणि समुद्रात परिस्थिती बदलते. वरची ओळ फक्त अशा आम्लासाठी आहे ज्यात तांब्याला धरून ठेवणारं दुसरं काही नाही. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड साधारण ०.५५ मोलार असतं आणि Cu⁺ ला क्लोराइडची ओढ फार. CuCl हा पांढरा, अगदी कमी विरघळणारा क्षार. त्याचा विद्राव्यता गुणाकार सुमारे १.७ × १०⁻⁷. मोकळे Cu⁺ कमी झाले की उजवीकडची पायरी अवघड होते आणि डावीकडची सोपी. ०.५५ मोलार क्लोराइडला हिशेब केला तर दोन्ही आकडे ०.३८६ व्होल्टने सरकतात, विरुद्ध दिशांना:

```
समुद्राइतक्या क्लोराइडमध्ये:  Cu²⁺ ──०.५३९── CuCl ──०.१३५── Cu
```

आता उजवा लहान झाला. फरक −०.४०४ व्होल्ट. फुटणारी अवस्था टिकणारी झाली. हे प्रयोगशाळेतही दाखवता येतं. तीच तांबडी भुकटी, पण सल्फ्युरिकऐवजी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. हवा आत न येऊ देता ढवळलं तर निळा रंग येत नाही, तांबंही पडत नाही. CuCl₂⁻ होऊन भुकटी जवळजवळ रंगहीन विरघळते. ते द्रावण भरपूर पाण्यात ओतलं की दुधासारखा पांढरा CuCl खाली बसतो. उघडा ठेवला तर थोड्याच वेळात हिरवट होतो.

पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी उतरतं तेव्हा निकाल फिरत असेल का, असं एका विद्यार्थिनीने विचारलं होतं. क्लोराइड शंभरपट कमी केलं तर आकडे ०.४२१ आणि ०.२५३ होतात. डावा अजूनही मोठाच. दोन्ही समान व्हायला क्लोराइड लिटरला आठ मिलिग्रॅमच्या आसपास उतरावं लागेल. अर्थात हे सगळं Cu²⁺ एक मोलार धरून. समुद्रात तो त्याहून कोट्यवधी पटींनी कमी असतो, त्यामुळे डावा आकडा खाली येतो आणि दोघांतलं अंतर आक्रसतं. अशा पातळ द्रावणात घन CuCl नव्हे तर विरघळलेला CuCl₂⁻ धरून गणित करावं लागतं. शिवाय समुद्राचा पीएच आठच्या जवळपास असतो आणि Cu₂O फुटायला तर आम्ल लागतं. रंगाच्या थरातली भुकटी तिथे न फुटण्याला क्लोराइडबरोबर हेही कारण आहे.

टिकते म्हणजे कायम राहते असं नाही. ओळीतले हे आकडे Cu⁺ आपसात इलेक्ट्रॉनची देवघेव करेल का एवढंच सांगतात; ऑक्सिजनबद्दल त्यांत काही नसतं. बोटीच्या तळातून Cu₂O हळूहळू CuCl₂⁻ म्हणून पाण्यात उतरतो आणि पाण्यातला ऑक्सिजन त्याचं +२ करतो. तेच तांबं जीवांना चिकटू देत नाही. किनाऱ्यालगतच्या देवळांतल्या पितळी घंटांवर नि समयांवर चढणारा हिरवा कळंक याच जातीचा. खारा वारा क्लोराइड आणतो, धातूलगत CuCl तयार होतो, आणि दमट हवेत त्याचं हिरवं क्लोराइड-हायड्रॉक्साइड बनतं:

```
4 CuCl + O₂ + 4 H₂O → 2 Cu₂(OH)₃Cl + 2 HCl
```

शेवटी सुटणारं HCl पुन्हा आतल्या धातूवर चालतं. म्हणून असं भांडं चिंचेने घासून चकचकीत केलं तरी खाचांत CuCl उरला असेल तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी हिरवा ठिपका परत उमटतो.