घटनाक्रम प्रश्नसंच (स्वातंत्र्यचळवळ)

इतिहासातील काही घटना विस्कळीत क्रमाने देऊन त्यांचा कालानुक्रम विद्यार्थ्याकडून लावून घेणाऱ्या प्रश्नांच्या संचाला घटनाक्रम प्रश्नसंच म्हणतात. कर्नाटकातील बेळगाव (अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी माध्यमाच्या शाळांत आणि स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांत भारतीय स्वातंत्र्यचळवळीवरील असे संच नेहमी तयार होतात. हा प्रश्न लिहायला सोपा वाटतो, कारण चार घटना आणि चार सनावळ्या हाताशी असल्या की काम झाले असे समजले जाते. प्रत्यक्षात अशा प्रश्नांपैकी बरेचसे क्रमाची परीक्षा घेतच नाहीत. ते एखाददुसरे वर्ष पाठ आहे की नाही, किंवा पर्यायांची मांडणी पाहून उत्तर ताडता येते की नाही, एवढेच तपासतात. हा दोष कोठून येतो आणि तो कसा काढावा, हे या भागाला जवळच्या एका उदाहरणावरून पाहता येते.

टिळकवाडीतील काँग्रेस विहीर आणि वीरसौध यांमुळे १९२४ चे बेळगाव अधिवेशन येथील मुलांना पुस्तकाबाहेरही ठाऊक असते. २६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी भरलेले हे अधिवेशन महात्मा गांधी अध्यक्ष असलेले काँग्रेसचे एकमेव अधिवेशन होय. त्यामुळे शिक्षक प्रश्नात ते हौसेने घालतात. समजा, घटना अशा दिल्या : (अ) स्वराज्य पक्षाची स्थापना, (ब) काँग्रेसचे बेळगाव अधिवेशन, (क) काँग्रेसचे नागपूर अधिवेशन, (ड) चौरीचौरा येथील पोलीस चौकीची जाळपोळ. नागपूर अधिवेशन डिसेंबर १९२० मधले, चौरीचौऱ्याची घटना फेब्रुवारी १९२२ मधली आणि स्वराज्य पक्षाची स्थापना जानेवारी १९२३ मधली. म्हणून बरोबर क्रम क–ड–अ–ब असा येतो.

या निवडीचे बळ असे की चारही घटना एकाच साखळीच्या कड्या आहेत. नागपूरला असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब झाले. चौरीचौऱ्यानंतर १२ फेब्रुवारी १९२२ रोजी बार्डोली येथे ती चळवळ थांबवण्याचा निर्णय झाला. पुढच्याच महिन्यात गांधीजींना अटक होऊन सहा वर्षांची शिक्षा झाली. चळवळ थंडावल्यावर कायदेमंडळात शिरावे की नाही यावरून काँग्रेसमध्ये दोन तट पडले आणि गयेच्या अधिवेशनात आपला ठराव फेटाळला गेल्यावर चित्तरंजन दास यांनी मोतीलाल नेहरूंसह स्वराज्य पक्ष काढला. फेब्रुवारी १९२४ मध्ये गांधीजी सुटले, त्या वर्षाच्या अखेरीस स्वराज्यवाद्यांशी त्यांची तडजोड झाली आणि बेळगावने तिला मान्यता दिली. ही कारणपरंपरा समजलेला विद्यार्थी एकही तारीख न आठवता क्रम लावू शकतो. क्रमाचा प्रश्न आणि सनावळीचा प्रश्न यांतला फरक हाच आहे. याउलट कित्तूरचा १८२४ चा लढा, १९०५ ची बंगालची फाळणी, १९३० ची दांडीयात्रा आणि १९४२ चे आंदोलन अशा एकमेकींपासून दूरच्या घटना घेतल्या, तर शतक आणि दशक यांची ढोबळ जाण पुरते. त्यातून चळवळीबद्दल काहीच तपासले जात नाही.

घटना चांगल्या निवडूनही पर्याय प्रश्नाचा घात करू शकतात. वर्गात हमखास दिसणारी मांडणी अशी असते : १) अ–ब–क–ड, २) क–ड–अ–ब, ३) ड–क–ब–अ, ४) ब–अ–ड–क. येथे शेवटी ‘ब’ असलेला पर्याय एकच आहे. बेळगाव अधिवेशन सर्वांत शेवटचे एवढेच ज्याला माहीत आहे, तो बाकीच्या तीन घटना न वाचता दुसऱ्या पर्यायावर खूण करतो. सीमाभागात तर ही एक गोष्ट बहुतेकांना माहीत असण्याचाच संभव अधिक. नागपूर पहिले एवढे माहीत असलेल्यालाही तेच उत्तर मिळते. चार घटनांचा प्रश्न अशा रीतीने एका घटनेचा होऊन बसतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे बरोबर क्रमातील शेजारच्या दोन घटनांची अदलाबदल करून प्रत्येक चुकीचा पर्याय बनवणे. चार घटनांत शेजारच्या जोड्या तीन असतात आणि चुकीचे पर्यायही तीनच लागतात. त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळतो. क–ड–अ–ब, ड–क–अ–ब, क–अ–ड–ब आणि क–ड–ब–अ असे पर्याय मिळतात, आणि तिन्ही जोड्या माहीत असल्याशिवाय उत्तर निश्चित होत नाही. परंतु या सुबक मांडणीत एक छिद्र आहे. प्रत्येक चुकीचा पर्याय बरोबर उत्तरापासून एकेक पाऊल दूर असल्याने बरोबर उत्तर सर्वांच्या मधोमध उघडे पडते : पहिल्या जागी तीनदा ‘क’ येतो, शेवटच्या जागी तीनदा ‘ब’ येतो, दुसऱ्या जागी ‘ड’ आणि तिसऱ्या जागी ‘अ’ दोनदा येतात. प्रत्येक जागेवरचे सर्वाधिक वेळा आलेले अक्षर उचलले की इतिहास न वाचता उत्तर तयार होते. शिकवणीत मुरलेली मुले ही युक्ती लवकर शिकतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून तीनऐवजी दोनच जोड्या निवडाव्यात आणि त्यांचे चारही संयोग पर्याय म्हणून द्यावेत. प्रस्तुत उदाहरणात क–ड आणि अ–ब या जोड्या घेतल्या, तर पर्याय असे होतात : १) ड–क–अ–ब, २) क–ड–ब–अ, ३) क–ड–अ–ब, ४) ड–क–ब–अ. प्रत्येक जागी दोन अक्षरे दोन-दोनदा येतात, त्यामुळे मांडणीतून काही फुटत नाही; आणि एकच जोडी माहीत असेल तर दोन पर्याय उरतात. या पद्धतीची किंमत अशी की ‘ड आधी की अ आधी’ हे तपासायचे राहून जाते. ते महत्त्वाचे वाटत असेल, तर संचात त्यासाठी वेगळा प्रश्न घालावा. एकाच प्रश्नावर सगळा भार टाकू नये.

यानंतर घटनांच्या शब्दरचनेकडे वळावे. ‘ड’ ही घटना ‘असहकार चळवळ मागे घेणे’ अशी लिहिली आणि ‘क’ ही ‘असहकार चळवळीला मान्यता’ अशी लिहिली, तर मान्यता आधी आणि माघार नंतर हे केवळ भाषेवरून कळते. म्हणून माघारीऐवजी चौरीचौऱ्याचा उल्लेख करणे बरे. दुसऱ्या बाजूने, फक्त गावाच्या नावावर घटना ओळखायला लावणेही धोक्याचे असते. ‘नागपूर’ म्हटले की १९२३ चा झेंडा सत्याग्रह आठवणारी मुले असतात. ‘बेळगाव’ म्हटले की होमरूल लीग आठवणारी त्याहून अधिक असतात, कारण लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये आपली लीग याच गावी स्थापन केली. ‘काँग्रेसचे अधिवेशन’ हे शब्द घातल्यावर संदिग्धता राहत नाही, आणि तरीही घोटाळा झाला तर तो विद्यार्थ्याचा, प्रश्नकर्त्याचा नव्हे. सीमाभागात नावांची आणखी एक अडचण असते. १९४२ च्या आंदोलनाला मराठी पुस्तकांत ‘छोडो भारत’ किंवा ‘चले जाव’ म्हटलेले आढळते, आणि गावातल्या कन्नड फलकांवर व भाषणांत तेच ‘भारत बिट्टु तोलगि’ असते. दोन्हीकडची पुस्तके वाचणाऱ्या मुलाला या दोन वेगळ्या घटना वाटू नयेत म्हणून एका संचात एकच नाव शेवटपर्यंत ठेवावे.

तारखेबाबत एक कसोटी पुरेशी आहे : एखाद्या घटनेच्या तारखेविषयी पुस्तकांत जेवढा फरक आढळतो, त्याहून शेजारच्या घटनेपर्यंतचे अंतर मोठे हवे. चौरीचौऱ्यासाठी कोठे ४ तर कोठे ५ फेब्रुवारी दिलेली असते. वरील प्रश्नात त्याने काही बिघडत नाही. स्वराज्य पक्षाचे वर्ष मात्र कोणी १९२२ तर कोणी १९२३ लिहितात, कारण त्याची उभारणी डिसेंबर १९२२ च्या गया अधिवेशनाला लागूनच झाली. म्हणून गया अधिवेशन आणि स्वराज्य पक्ष यांना एकाच प्रश्नात शेजारी बसवले, तर उत्तरसूचीवर वाद ठरलेला. दीर्घकाळ चाललेल्या चळवळींचेही असेच आहे. असहकाराचा आरंभ १ ऑगस्ट १९२० रोजी झाला आणि लोकमान्यांचे निधनही त्याच पहाटे झाले. सप्टेंबरात कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनाने कार्यक्रम स्वीकारला आणि डिसेंबरात नागपूरने तो कायम केला. नुसते ‘असहकार चळवळ’ असे लिहिल्यास यांपैकी कोणता क्षण अभिप्रेत आहे हे विद्यार्थ्याने कसे ओळखावे? चळवळीऐवजी ठराव, अधिवेशन, अटक किंवा करार अशी एका दिवसावर ठेवता येणारी गोष्ट घेतली की हा गुंता उरत नाही.

पर्याय न देता क्रम लिहून घ्यायचा असेल, तर गुण कसे द्यावेत हा प्रश्न उरतो. योग्य जागी असलेली अक्षरे मोजण्याची पद्धत रूढ असली तरी ती अन्यायकारक आहे. नागपूर अधिवेशन १९२३ मधले समजणारा विद्यार्थी ड–अ–क–ब असे लिहील. जागांच्या हिशेबाने त्याचे फक्त ‘ब’ बरोबर ठरते, म्हणजे चारात एक; वास्तविक त्याची चूक एकच आहे. त्याऐवजी जोड्या मोजाव्यात. चार घटनांच्या सहा जोड्या होतात, आणि या उत्तरात ड–अ, ड–ब, अ–ब व क–ब या चार बरोबर आहेत. येथे सढळ हात मात्र आवरावा लागतो, कारण चार घटनांच्या २४ संभाव्य क्रमांपैकी नऊ क्रमांत चार किंवा अधिक जोड्या आपोआप बरोबर येतात. पाच जोड्यांची अट ठेवली तर असे क्रम चारच उरतात. दोन गुणांच्या प्रश्नात सहा जोड्यांना दोन आणि पाच जोड्यांना एक गुण हे प्रमाण त्यामुळे अधिक रास्त वाटते. चार जोड्यांच्या उत्तराला गुण न देता त्यातली चूक वहीत टिपून ठेवावी.

संच वापरण्यापूर्वी तो दुसऱ्या शिक्षकाकडून पर्याय झाकून सोडवून घ्यावा. त्याचा क्रम सूचीशी जुळला नाही तर दोष बहुधा शब्दरचनेत असतो. वर्गात वापरल्यावर कोणता पर्याय किती जणांनी निवडला हे पाहावे. वरील प्रश्नात पहिल्या पर्यायाकडे कल दिसला, तर नागपूर अधिवेशनाची जागा मुलांच्या मनात हललेली असते. दुसऱ्याकडे कल दिसला, तर बेळगाव अधिवेशन आणि बेळगावची होमरूल लीग एकमेकांत मिसळली असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासावी. चौथा पर्याय वर्गातल्या हुशार मुलांनीही उचलला असेल, तर छापलेली उत्तरसूची पुन्हा उघडून पाहावी, कारण अक्षरांची अदलाबदल छपाईत सर्वांत सहज होते.