लेबल कापलेला टी-शर्ट

मागच्या महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील एका आठवडी बाजारातून माझ्या आतेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एका टी-शर्टाचा फोटो पाठवला आणि खाली एकच प्रश्न लिहिला: ओरिजिनल आहे का? मोठ्या परदेशी ब्रँडचे नाव, सरळ शिवण, स्वच्छ छपाई, आणि किंमत २०० रुपये. मी काही वर्षे कापड तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम केले असल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. दुकानदाराने त्याला सांगितले होते, "हा कंपनीचाच माल हाय भाऊ, एक्सपोर्ट सरप्लस." दुकानदार खरे बोलत असण्याची शक्यता होती आणि खोटेही, पण फोटोवरून त्यातले काहीच ठरवता येत नव्हते. हे का, हे समजण्यासाठी असा माल मुळात तयार कसा होतो ते पाहावे लागते.

तमिळनाडूतील तिरुप्पूर हे विणलेल्या सुती कपड्यांच्या निर्यातीचे मोठे केंद्र आहे. तिथल्या एखाद्या कारखान्याला ५००० टी-शर्टांची ऑर्डर मिळाली आहे असे समजू. कापताना, शिवताना आणि छापताना काही नग खराब होणार हे कारखान्याला ठाऊक असते, म्हणून तो नेमके ५००० न कापता समजा ५१५० कापतो. त्यातले ८० नग डाग, सुटलेला टाका किंवा सरकलेली छपाई यांमुळे बाजूला पडतात. हा सेकंडचा माल. ऑर्डर पूर्ण होऊन वर ७० चांगले नग उरतात. हा जादा उत्पादनाचा, म्हणजे सरप्लसचा माल. त्या ७० टी-शर्टांचे सूत, रंग, शिलाई मशीन आणि कारागीर ब्रँडच्या दुकानात गेलेल्या टी-शर्टांचेच असतात. फरक एवढाच, की ते विकायला ब्रँडने परवानगी दिली आहे की नाही, आणि परवानगी ही कापडाच्या धाग्यात दिसणारी गोष्ट नाही.

याहून मोठा गोंधळ तपासणीच्या पद्धतीमुळे होतो. खरेदीदाराचा तपासनीस ५००० नग एकेक करून पाहत नाही. प्रचलित नमुना-तपासणीच्या तक्त्यानुसार एवढ्या लॉटमधून २०० नग काढले जातात आणि, चालवून घेण्याच्या दोषांची नेहमीची २.५ टक्के ही पातळी धरली तर, त्यांत मोठे दोष असलेले १० नग निघेपर्यंत लॉट पास होतो, ११ वा निघाला की संपूर्ण लॉट नाकारला जातो. आता २०० मध्ये ११ म्हणजे साडेपाच टक्के. त्या नाकारलेल्या लॉटमधील बहुतेक टी-शर्टांत डोळ्यांना दिसणारा एकही दोष नसतो. नाकारला जातो तो लॉट, नग नव्हे. त्यामुळे 'रिजेक्ट मालात काहीतरी खोट दिसलीच पाहिजे' ही बाजारातली समजूत चुकीची आहे, आणि फोटोत खोट शोधत बसणाऱ्याची दिशा तिथेच चुकते.

दुसऱ्या बाजूने नकली माल पाहा. तो बनवणाराही खुल्या बाजारातून तशाच जाडीचे सुती कापड घेऊ शकतो, तशाच ओव्हरलॉक मशीनवर शिवू शकतो. विणलेली लेबले बहुधा वेगळ्याच युनिटमध्ये बनतात, आणि तिथूनही हुबेहूब लेबल करून घेता येते. म्हणजे सरप्लस, रिजेक्ट आणि नकली अशा तीन वेगवेगळ्या इतिहासांचे टी-शर्ट एकाच गठ्ठ्यात, एकाच घडीत, एकसारखे दिसत पडलेले असतात. गठ्ठा हातोहात फिरताना त्यांची सरमिसळही होते, आणि शेवटच्या विक्रेत्याला स्वतःलाच खरे माहीत नसते.

मग फोटो नेमके काय टिपतो? कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो तो कापडाच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश, तोही लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत मोडून. वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली दोन कापडे एका प्रकारच्या उजेडात अगदी एकसारखे तीन आकडे देऊ शकतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी दिसतात. त्यात आतेभावाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबला जाऊन आला होता. लांब बाजूवर साधारण १६०० बिंदू, म्हणजे पिक्सेल, धरले आणि ७० सेंटिमीटर लांबीच्या टी-शर्टाने ती बाजू पूर्ण भरली असे मानले, तर एका बिंदूच्या वाट्याला सुमारे ०.४४ मिलिमीटर कापड येते. अशा कापडात सेंटिमीटरला विणीचे साधारण १४ फासे धरले तर एक फासा ०.७ मिलिमीटर रुंद, म्हणजे जेमतेम दीड बिंदू. शिवाय हे दाबणे ८ गुणिले ८ बिंदूंच्या चौकोनांत होते, आणि अशा प्रत्येक चौकोनातला, म्हणजे साडेतीन मिलिमीटर कापडातला, बारीक तपशील आधी टाकून दिला जातो. विणीतला फरक जिथे दिसायचा नेमका तोच भाग. जवळून घेतलेल्या स्पष्ट फोटोने ही अडचण कमी होते, पण तरीही तो पृष्ठभागच राहतो.

आपल्याकडे कापूस खरेदी करणारा माणूस गाडीकडे नुसता पाहून भाव सांगत नाही. तो झुपका बोटांत धरून ओढतो, धाग्याची लांबी बघतो, ओलावा यंत्राने मोजतो. तयार कपड्याचेही तसेच आहे. त्याच्या गुणवत्तेतील बरेच काही वजनात, आटण्यात आणि रंगाच्या टिकण्यात असते. प्रयोगशाळेत ११.२८ सेंटिमीटर व्यासाचा गोल तुकडा कापतात, कारण त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ १०० चौरस सेंटिमीटर होते. तुकडा १.८० ग्रॅम भरला तर कापड १८० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचे, १.६० भरला तर १६० चे. ही दोन्ही कापडे फोटोत एकसारखी दिसतात. टी-शर्ट कापायचा नसेल तर त्याच ब्रँडचा, त्याच मॉडेलचा आणि त्याच मापाचा दुकानातला नग शेजारी ठेवून दोन्ही सोनाराच्या काट्यावर तोलावेत.

फोटोतून एक खूण मात्र मिळते, आणि ती लोकांच्या अपेक्षेच्या उलट आहे. ब्रँड सरप्लस माल बाहेर जाऊ देताना बरेचदा मानेवरचे लेबल कापायला किंवा त्यावर रेघ मारायला लावतात. त्यामुळे कापलेले लेबल अस्सलपणाशी विसंगत नसते, उलट २०० रुपयांच्या टी-शर्टावर सगळी लेबले आणि टॅग कोरे करकरीत असतील तर संशयाला जागा असते. अर्थात हे कळले की नकली माल करणाराही कात्री उचलतोच, म्हणून या खुणेवरही फार विसंबता येत नाही.

मी आतेभावाला सांगितले की टी-शर्टाची लांबी मोजून ठेव, धू, वाळव आणि पुन्हा मोज. लांबी ७१ सेंटिमीटरवरून ६६ झाली, म्हणजे सुमारे ७ टक्के आटली, आणि बाजूची शिवण फिरून पोटाकडे आली. अशा सुती कापडात साधारण ५ टक्क्यांपर्यंत आटणे चालवून घेतले जाते, तेव्हा हा नग दर्जात बसत नव्हता हे नक्की झाले. पण तो आटण्याच्या चाचणीत नापास होऊन बाहेर पडलेला अस्सल ब्रँडचा टी-शर्ट होता, की कापड नीट न आटवता घाईने शिवलेला नकली, हे धुतल्यावरही कळले नाही. ते कळण्याचा मार्ग एकच उरतो: आतल्या बाजूच्या छोट्या लेबलावरचा ऑर्डर क्रमांक ब्रँडच्या नोंदीशी जुळवणे आणि कारखान्यापासून बाजारापर्यंतची बिले पाहणे. आतेभावाच्या टी-शर्टावरचे ते छोटे लेबलही मुळाशी कापलेले होते, आणि दुकानदाराकडे होती ती फक्त किलोवर घेतलेल्या गठ्ठ्याची चिठ्ठी.