रक्त चढवल्यावर एचबीए१सी का फसते : फ्रुक्टोसामाइनची पार्श्वभूमी

आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, 26.4 टक्के. त्यामुळे ‘तीन महिन्यांची शुगर’, म्हणजे एचबीए१सी, ही तपासणी इथे पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरी ठाऊक आहे. ती कधी फसते, हे मात्र डायलिसिसच्या खाटेवर येईपर्यंत फारसे कोणी सांगत नाही.

या तपासणीचे मूळ तेहरानमध्ये आहे. 1960च्या दशकाच्या अखेरीस सॅम्युएल राहबर हिमोग्लोबिनचे विरळ प्रकार शोधत असताना मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना एक वेगळा पट्टा दिसला. साखर हिमोग्लोबिनला आपोआप चिकटते आणि तांबडी पेशी मरेपर्यंत सुटत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून हा आकडा दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतो. सगळा हिशेब त्या 120 दिवसांवर उभा आहे, आणि पेशी स्वतःची असावी हे त्यात गृहीतच धरलेले आहे.

साखर केवळ हिमोग्लोबिनलाच चिकटते असे नाही. रक्तद्रवातल्या प्रथिनांनाही, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या जॉन्सन, मेटकाफ आणि बेकर यांनी हे मोजण्याची स्वस्त युक्ती काढली, तीच फ्रुक्टोसामाइन चाचणी. नायट्रोब्लू टेट्राझोलियम हे फिकट पिवळे रसायन अल्कधर्मी द्रावणात या साखरलेल्या प्रथिनांशी भिडले की जांभळे होते. रंग किती गडद झाला ते यंत्र वाचते. सुरुवातीची काही मिनिटे दुसरेच पदार्थ रंग आणतात, म्हणून वाचन थोडे थांबून घ्यायचे. तरीही युरिक अॅसिड आणि चरबी लुडबूड करतच. पुढच्या सुधारित किटमध्ये त्यांचा बंदोबस्त झाला, पण तोवर 1993 साली डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाने एचबीए१सीला डोळे-किडनीच्या धोक्याशी जोडून दाखवले आणि फ्रुक्टोसामाइन मागे पडले. माझ्या मते चाचणी वाईट होती म्हणून नव्हे. तिच्या पाठीशी तेवढा पुरावा नव्हता म्हणून.

आता काणकोणचा साठीतला एक मधुमेही गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हिमोग्लोबिन 7 वर घसरले, म्हणून दोन पिशव्या रक्त चढवले आणि ते 9 झाले. रक्त चढवण्याआधी त्याची एचबीए१सी 9 टक्के होती. आता 9 भागांपैकी 7 भाग त्याचे आणि 2 भाग दात्याचे. दात्याची 5.3 धरली तर नवा आकडा येतो साधारण 8.2. साखर तसूभर बदललेली नाही, फक्त पेशी परक्या आल्या. त्यात किडनी निकामी झाली की पेशी लवकर मरतात आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने कोवळ्या पेशींची भर घालतात. त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. मग रिपोर्टवर 6.4 आले की घरचे म्हणतात, ‘‘देव पावला, बाबांची शुगर सुटली.’’

ते सपशेल खोटे असेलच असेही नाही, हीच खरी गोम. किडनी बंद पडली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि साखर खरोखरच खाली येऊ शकते. म्हणून आकडा ग्लुकोमीटरशी ताडून पाहायचा. 6.4 म्हणजे सरासरी साखर 137च्या आसपास. त्याच्या वहीत मात्र उपाशीपोटी 170 आणि जेवणानंतर 250 लिहिलेले. इथे फ्रुक्टोसामाइन मागवावे. ते 420 आले (मधुमेह नसलेल्यांत साधारण 200 ते 285), तर रूढ सूत्राने हिशेब असा:

0.017 × 420 + 1.61 = 8.75

म्हणजे एचबीए१सीच्या भाषेत जवळजवळ पावणेनऊ. हा अंदाजच, पण वहीशी जुळणारा. चढवलेल्या पिशवीत बहुतेक तांबड्या पेशीच असतात, रक्तद्रव अगदी थोडा. म्हणून हा आकडा तेवढा ढळत नाही. तो मागच्या दोन-तीन आठवड्यांचीच गोष्ट सांगतो, त्यामुळे औषध बदलल्याचा परिणामही लवकर दिसतो.

मात्र सोबत अल्ब्युमिन तपासलेले असलेच पाहिजे. लघवीवाटे प्रथिने वाहून जात असतील किंवा पोटाच्या डायलिसिसमधून निसटत असतील, तर अल्ब्युमिन 3 च्या खाली जाऊ शकते. मग साखर चिकटायला प्रथिनच कमी, आणि फ्रुक्टोसामाइनही खोटे कमी येते. अशा वेळी अल्ब्युमिनचा किती टक्के भाग साखरलेला आहे हे मोजणारी चाचणी थोडी बरी. जपानमध्ये ती रुळलेली आहे. पण प्रथिने फार झपाट्याने जात असतील तर तीही कमी दाखवते, आणि मग रोज बोट टोचून लिहिलेली वहीच प्रमाण मानावी लागते.