शुभेच्छा वेगळ्या, आशीर्वाद वेगळे: इंग्रजीत नेताना घोळ कुठे होतो

सणाला घरच्या मोठ्या माणसांचा मेसेज येतो आणि घरात एखादी सून किंवा जावई मराठी न वाचणारा असतो, मग कुणीतरी तो इंग्रजीत करून पाठवायचा असतो. तिथे शब्द अडत नाहीत. अडतं ते असं की मराठी मेसेजमध्ये शुभेच्छा आणि आशीर्वाद एकाच दमात येतात, आपल्यालाही ते साधारण एकच वाटतात, आणि दोन्ही एकाच पद्धतीने इंग्रजीत नेले की एक तरी लाकडी होतंच.

फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे उत्तर काय येतं ते बघा. 'दिवाळीच्या शुभेच्छा' म्हटलं की समोरचा 'तुम्हालाही' म्हणतो, मग तो बॉस असो, शेजारी असो की दहा वर्षांची भाची. शुभेच्छा परत करता येतात. पण आजी 'सुखी राहा, औक्षवंत हो' म्हणाली तर तिला 'तुलाही' कोण म्हणेल? तिथे आपण वाकून नमस्कार करतो, आशीर्वाद वरून खाली येतो आणि खालून वर नमस्कार जातो. इंग्रजीत शुभेच्छांना तयार जागा आहे, 'हॅपी दिवाळी' आणि उत्तराला 'यू टू' किंवा 'सेम टू यू'. आशीर्वादाला मात्र रोजच्या बोलण्यात तशी जागा नाही, म्हणून जास्त कष्ट तिथेच पडतात.

आधी शुभेच्छा. 'हार्दिक' हा शब्द सरळ सोडून द्यायचा, कारण मराठीत तो इतका सवयीचा झालाय की त्याला वेगळा अर्थच उरलेला नाही. 'हार्टी ग्रीटिंग्ज' म्हटलं तर इंग्रजी कानाला विचित्र लागतं, तिकडे हार्टी म्हणजे पोटभर जेवण किंवा मोकळं हसू, आणि नुसतं 'ग्रीटिंग्ज' हे कंपनीच्या छापील कार्डासारखं थंड वाटतं. तसंच 'ऑन द ऑस्पिशियस ओकेजन ऑफ'. 'पाडव्याच्या शुभमुहूर्तावर' आपल्याकडे छान वाटतं पण इंग्रजीत तो सगळा तुकडा काढला तरी काही हरवत नाही, 'हॅपी गुढीपाडवा' एवढं पुरतं, आणि समोरच्याला सण माहीत नसेल तर 'इट्स अवर न्यू इयर टुडे' हे एक वाक्य जोडा, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये नुसतं 'हॅपी न्यू इयर' आलं की तो गोंधळणारच. अजून एक, 'विश यू हॅपी दिवाळी' यात मधला 'अ' पडलेला असतो. 'विशिंग यू अ हॅपी दिवाळी' लिहा किंवा 'विश'ला हातच लावू नका.

आता आशीर्वाद. डिक्शनरीत ब्लेसिंग सापडतो आणि आपण खूश होतो. पण इंग्रजीत 'यू हॅव माय ब्लेसिंग' म्हटलं की ऐकणाऱ्याला पहिला अर्थ लागतो तो परवानगीचा, म्हणजे मुलीच्या वडिलांनी लग्नाला होकार दिला तसा. दुसरा अर्थ धर्माचा, देवाचा किंवा पाद्रीबाबांचा. श्रद्धाळू ख्रिश्चन घरात 'गॉड ब्लेस' अगदी सहज म्हणतात, अमेरिकेच्या दक्षिणेकडे 'हॅव अ ब्लेस्ड डे' दुकानातही ऐकू येतं, तेव्हा तो शब्द चुकीचा आहे असं अजिबात नाही. मेसेजमध्ये मुळातच 'देव तुमचं भलं करो' असेल तर 'गॉड ब्लेस यू बोथ' बिनधास्त लिहा. पण मराठी आशीर्वादाचा जोर बहुतेक वेळा देवावर नसतो, तो आजीच्या मायेवर आणि तिच्या वयाच्या अधिकारावर असतो. त्यातला अधिकार इंग्रजीत नीट जात नाही हे मान्य करायचं आणि माया पूर्ण न्यायची, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक मेसेज घेऊ, अशा पद्धतीचे अनेकांकडे येतात: 'चि. अमेय व चि. सौ. केट यांस अनेक उत्तम आशीर्वाद. दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. ही दिवाळी तुम्हा उभयतांना सुखाची, समाधानाची, समृद्धीची व भरभराटीची जावो. अखंड सौभाग्यवती भव. आमचे आशीर्वाद सदैव तुमच्या पाठीशी आहेत.'

शब्दाला शब्द केला तर सुरुवातीलाच 'मेनी एक्सलंट ब्लेसिंग्ज' होतं. हा पत्राचा मायना आहे, त्याच्या जागी इंग्रजी मायनाच हवा: 'डिअर अमेय अँड केट'. चि. आणि सौ. गळून पडतात, पडू द्या. 'जावो'चं 'मे धिस दिवाळी ब्रिंग यू' करता येतं, छापील कार्डावर किंवा जेवणाच्या टेबलावर उभं राहून बोलताना हा 'मे' शोभतो पण घरच्या फोनवर तो भाषण वाटतो. शिवाय सुख, समाधान, समृद्धी, भरभराट ही चौकडी मराठीत लयीसाठी असते, इंग्रजीत चार भाववाचक नामं ओळीने आली की मनापासून लिहिलंय असं वाटतच नाही. दोन ठेवा: 'होप इट्स अ हॅपी वन अँड द इयर अहेड इज गुड टू यू बोथ'.

'अखंड सौभाग्यवती भव' इथे मात्र थांबायला हवं. याचा मूळ अर्थ नवरा तुझ्या डोळ्यांदेखत जाऊ नये. ते तसंच इंग्रजीत ठेवलं तर सणाच्या दिवशी केटला मरणाची गोष्ट ऐकवल्यासारखं होईल. 'फॉरएव्हर फॉर्च्युनेट वाइफ' तर तिला कळणारच नाही. आजीला म्हणायचंय की तुमचा जोडा टिकू दे, म्हणून 'मे यू हॅव अ लाँग अँड हॅपी लाइफ टुगेदर', आणि इथे 'मे' ठेवावा असं मला वाटतं, सगळ्या मेसेजमध्ये एकदाच आला की त्यात आशीर्वादाचा सूर ऐकू येतो. यात आशीर्वाद एकट्या बायकोवरून दोघांवर सरकतो हे खरं, पण आजीची इच्छा त्यात आहे. शेवटच्या ओळीचं 'अवर ब्लेसिंग्ज आर ऑलवेज विथ यू' करू नका, त्याच्या जवळचं 'अवर थॉट्स आर विथ यू' हे लोक दुखवट्यात लिहितात. 'वी थिंक ऑफ यू बोथ ऑल द टाइम. लॉट्स ऑफ लव्ह, आजी' असं संपवा. आणि 'आजी' आजीच ठेवा, 'ग्रँडमदर' करू नका, केटने तिला तेच म्हणायला शिकायचंय.

वाचून केट 'थँक यू आजी, यू टू' लिहील. तो उद्धटपणा समजू नका, इंग्रजीत ही शुभेच्छा झालेली आहे आणि शुभेच्छेचं उत्तर तेच असतं. आजीला वाचून दाखवताना मात्र 'केटने नमस्कार सांगितलाय' असं सांगा, परत येताना एवढी सूट घ्यायला हरकत नाही.

उलट बाजूचं म्हणजे लहानांनी मागितलेले आशीर्वाद. बारशाच्या किंवा लग्नाच्या पत्रिकेत 'आपले आशीर्वाद असू द्यावेत' असतं आणि त्याचं 'सीकिंग युअर ब्लेसिंग्ज' होतं. भारतातल्या इंग्रजीत हे रुळलेलं आहे, पत्रिका इथल्याच लोकांना जाणार असेल तर खुशाल ठेवा. ऑफिसातल्या परदेशी मित्राला पाठवताना 'इट वुड मीन अ लॉट टू हॅव यू देअर' लिहा, नाहीतर त्याला वाटेल आपल्याकडून काहीतरी विधी अपेक्षित आहे.